ब्रेकबाईंचं चौथं पत्र

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याच्या पुढ्यात असतो तो नव्हे, शेजारच्या सीटखालचा. शिकाऊ माणूस स्टिअरिंगला लोंबकळून घामाघूम होत असतो, आणि शेजारी बसलेलं माणूस शांतपणे हवं तेव्हा गाडी थांबवतं. देवाने ही सोय फक्त ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना दिली आहे, बाकीच्यांना नुसतं ओरडावं लागतं. आमच्या बाईंना दोन्ही येत होतं.

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी अडीच हजारांवर माणसं रस्त्यावर सोडली. डॉक्टर, वकील, दोन बहिरे सुतार, एक अशी आजी जिला नातवाच्या नाकावर टिच्चून शिकायचं होतं. सगळे पास झाले आणि सगळ्यांनी त्यांचं नाव ठेवलं ब्रेकबाई. बाईंना ते ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखं दाखवण्यात त्यांना गंमत वाटायची. समोर शंभर पावलांवर मांजर दिसलं तरी त्यांचा पाय खाली जायचा आणि पाठोपाठ तोंडाचा पट्टा सुटायचा. "आरसा कशाला आहे? केस विंचरायला?" हे त्यांचं सगळ्यात सौम्य वाक्य.

आता अशा बाईला मुलगा एकच, आणि तो सव्वादोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हता, यात नवल करण्यासारखं काही नाही. नवल हे, की एका मंगळवारी भर चौकात, सिग्नल लाल असताना, बाईंनी पर्समधून सहा पानं काढली आणि शेजारी स्टिअरिंग धरून बसलेल्या मुलीला म्हणाल्या, "ऐक. आणि समोर बघ. ऐकायला डोळे लागत नाहीत."

ही मुलगी एका दंतवैद्याकडे मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या तोंडात नळी धरून उभी राहायची, त्यामुळे तोंड उघडं ठेवून गप्प बसलेली माणसंच तिने जास्त पाहिली होती. बाई तिला दातवाली म्हणायच्या. वय एकतीस, हात थंड, जीभ तिखट. रोज सव्वाचार वाजता तिचा धडा. बाईंनी तिलाच का निवडलं? एक तर ती गाडीतून उठून जाऊ शकत नव्हती. आणि दुसरं, पहिल्याच दिवशी ती बोलता बोलता म्हणून गेली होती, की ती तिच्या स्वतःच्या आईशी चार वर्षं बोलत नाही. बाईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं दाखवलं होतं. पण बाई ऐकलेलं काहीही सोडत नाहीत.

तर सहा पानं. सुरुवात होती, "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. मी त्या दिवशी जे बोलले ते तुझ्या भल्यासाठीच बोलले." पुढे साडेपाच पानं, त्याला कुणी वाढवलं, तापात कुणी कुशीत घेतलं, कुणाचे गुडघे कशामुळे गेले. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवून थकले, तरी बाई तिसऱ्याच पानावर होत्या.

"बाई," दातवाली गाडी पहिल्यात टाकत म्हणाली, "हे पत्र आहे की आरोपपत्र?"

"काय झालं?"

"माझ्या आईने असं पाठवलं असतं, तर मी दुसरं पान उघडलंच नसतं. आणि वरून आशीर्वाद कसले? आधी स्टुलावर चढून बसायचं, मग खाली उभ्या असलेल्या माणसाशी समेट करायचा?"

बाईंनी ब्रेक दाबला. समोर काही नव्हतं, पण दाबला.

काय घडलं होतं ते सांगायला हवं. मुलगा विमा कंपनीत चांगल्या खुर्चीवर होता. चौतिसाव्या वर्षी त्याने ती खुर्ची सोडली आणि सायकली दुरुस्त करण्याचं दुकान काढलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. लहानपणापासून त्याच्या हातात पाना असायचा, पण बाईंना ते आठवायचं नव्हतं. दुकान उघडलं त्या दिवशी बाई गेल्या. तो त्यांना बसायला स्टूल आणत होता. बायको वर चहा करत होती. चार गिऱ्हाइकं उभी होती, हसतखेळत. आणि बाई त्या चौघांसमोर म्हणाल्या, "तुझा बाप चार वर्षांत पळाला तरी. तू मात्र माझी तीस वर्षं खाल्लीस, आणि शेवटी काय, तर पंक्चर काढतोस!"

चौघांपैकी एक जण हसला. त्या हसण्याने खरा घात केला.

मुलाने स्टूल खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "जा तू. पुन्हा या दारात येऊ नकोस." बाई म्हणाल्या, "माझी चप्पलसुद्धा येणार नाही." आणि तरातरा निघून गेल्या. सूनबाई चहा घेऊन खाली आली तेव्हा ते स्टूल मधोमध तसंच होतं.

बाईंना वाटलं, आठवड्याभरात येईल. मग वाटलं, महिन्याभरात येईल. मग त्यांनी फोन केला, तर त्याने त्यांचा नंबरच अडवून ठेवलेला. मग त्यांनी आपल्या बहिणीला, म्हणजे त्याच्या मावशीला, मध्ये घातलं. मावशीने भाच्याला सांगितलं, "अरे, तिचा स्वभावच तसा." त्यावर तो मावशीशीही बोलेनासा झाला. सव्वादोन वर्षं गेली. अडीच हजार माणसांना पुढे जायला शिकवणाऱ्या बाई तिथेच उभ्या होत्या. रात्री जेवताना समोरच्या खुर्चीवर त्या पर्स ठेवायच्या, खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी सांगतोय, कारण नाहीतर तुम्ही त्यांना नुसतीच कजाग समजाल.

तर दुसरं पत्र. ते गुरुवारी आलं, अर्ध्या पानाचं. बाई खूश होत्या. आटोपशीर केलंय म्हणाल्या. "जे काही झालं त्याचं मला वाईट वाटतं. तुला लागलं असेल तर मला माफ कर."

दातवाली तेव्हा रिव्हर्स शिकत होती. मान मागे वळवून ती म्हणाली, "जे काही झालं म्हणजे? काय, वादळ आलं होतं?"

"अगं, त्याला माहीत आहे काय झालं ते."

"त्याला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का, हे त्याला माहीत नाही. आणि 'लागलं असेल तर'? सव्वादोन वर्षं बोलत नाही माणूस, अजून तुमची खात्री पटली नाही?"

"डावीकडे बघ, खांब आहे."

"बघितला. तुम्हीही बघा."

एकतिशीची पोर अडीच हजार माणसांच्या गुरूला असं बोलते! बाईंचं नाक लाल झालं. एखाद्याला त्यांनी तिथेच उतरवून दिलं असतं. पण त्यांनी कागद चारदा घडी घालून खिडकीच्या काचेच्या फटीत खोचला. काच खडखडायची ती थांबली, एवढा तरी त्या पत्राचा उपयोग झाला.

तिसरं पत्र सोमवारी. यात बाईंचा रक्तदाब होता. गुडघे होतेच, त्यांना जोडीला डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि "आज आहे, उद्या नाही" असं एक वाक्य होतं. वाचताना बाईंना स्वतःचीच दया आली.

दातवालीने इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. सगळं अगदी नियमाप्रमाणे, एरवी बाईंनी शाबासकी दिली असती.

"हा गळ आहे," ती म्हणाली. "माझ्या आईनेही टाकला होता. दवाखान्यात आहे म्हणाली. मी रात्रभर प्रवास करून गेले. सर्दी झाली होती तिला. मला पाहिलं आणि म्हणाली, बघ, आलीस ना शेवटी! त्या दिवसापासून मी गेले नाही."

बाहेर एक माणूस कुत्र्याला फिरवत होता की कुत्रा त्याला, ते कळत नव्हतं.

"मग लिहू तरी काय?" बाईंनी विचारलं. आवाजात पट्टा नव्हता.

"तुम्ही काय बोललात ते लिहा."

"सगळं?"

"तेच वाक्य. जसंच्या तसं."

आणि इथेच घोडं अडलं. बोलायला अडीच सेकंद लागलेलं वाक्य लिहायला बाईंना तीन दिवस लागले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या बसायच्या. "तुझा बाप" लिहायच्या आणि उठून गॅस पुसायच्या. "तुझा बाप चार वर्षांत" लिहायच्या आणि चहाची भांडी विसळायच्या. तिसऱ्या दिवशी घरात पुसण्यासारखं काही उरलं नाही. मग त्यांनी लिहिलं. कागदावर ते त्यांच्याच सुंदर, गोल अक्षरात उतरलं, आणि बाईंनी ते पहिल्यांदाच वाचलं. तोवर त्यांनी ते फक्त बोललं होतं. त्या बराच वेळ रडल्या, आणि रडून झाल्यावर, स्वभावच तो, स्वतःवरच चिडल्या.

मुलाला काय म्हणून हाक मारायची हाही प्रश्न होता. घरात तो भोंग्या. तान्हा असताना ट्रकच्या हॉर्नसारखा रडायचा म्हणून. दातवालीने विचारलं, "त्याला आवडतं का ते?" बाई म्हणाल्या, "कधी विचारलं नाही." मग त्यांनी भोंग्या खोडलं. पत्र शुक्रवारी पुरं झालं ते असं:

"तुला,

दुकान उघडलंस त्या दिवशी तुझ्या गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, 'तुझा बाप चार वर्षांत पळाला तरी. तू मात्र माझी तीस वर्षं खाल्लीस, आणि शेवटी काय, तर पंक्चर काढतोस.' शब्द हेच होते. तू काही बोलला नव्हतास. तू मला बसायला स्टूल आणत होतास.

ते खोटं होतं आणि क्रूर होतं. तुझे वडील गेले त्यात तुझा काही दोष नव्हता. माझी तीस वर्षं तू खाल्ली नाहीस. मी ती तुझ्याबरोबर काढली आणि ती चांगली गेली. तुझं दुकान चालणार नाही अशी मला भीती वाटली. भीती वाटली की मी ओरडते. हे मी का बोलले ते सांगतेय, सुटका मागत नाहीये. मला माफ कर.

मला जा म्हणालास ते बरोबर केलंस. त्याबद्दल तुझ्याकडून मला माफी नको.

तुला मला काही सांगायचं असेल तर मी ऐकेन. कितीही वेळ लागू दे, मी मध्ये बोलणार नाही.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. फोन कर, चिठ्ठी पाठव, किंवा काहीच करू नकोस. मावशीला मी पुन्हा मध्ये घालणार नाही. आणि तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

आई"

दातवालीने ते गाडी उभी करून दोनदा वाचलं. "बाई," ती म्हणाली, "हे मी उघडलं असतं." एवढंच. पण नंतर तिने दोनदा चुकून वायपर लावले, आणि आकाश निरभ्र होतं.

पोस्टानेच पाठवायचं हेही तिनेच ठरवलं. सूनबाईच्या फोनवर मेसेज टाकता आला असता. "पण मेसेजवर निळ्या खुणा येतात," दातवाली म्हणाली. "तुम्ही त्या बघत बसाल. आणि त्याला कळेल की तुम्ही बघत बसलाय. पत्र त्याला फडताळात ठेवता येईल, हवं तेव्हा काढता येईल. त्याची वेळ त्याच्या हातात राहू दे."

शनिवारी सकाळी बाईंनी पत्र पेटीत टाकलं. पेटीच्या फटीत हात घालून ते खाली पडलं की नाही तेही पाहिलं. पोस्टमन म्हणाला, "बाई, पडलंय." बाई म्हणाल्या, "मला दिसत नाही." तो म्हणाला, "दिसू नये म्हणूनच पेटी असते."

आता खरं तर गोष्ट इथे थांबायला हवी होती. पत्र चांगलं होतं, वचन चांगलं होतं, आता वाट बघायची. पण ज्या बाईच्या पायाखाली अठ्ठावीस वर्षं स्वतःचा ब्रेक आहे, तिला नुसतं बसायला सांगून बघा.

सोमवारी सव्वाचारला बाई म्हणाल्या, "आज चढावर गाडी उचलायला शिकायचं."

चढावर थांबलेली गाडी पुढे काढणं ही शिकाऊ माणसाची सर्वांत मोठी परीक्षा. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा. क्लच हळूहळू सोडायचा, इतका की गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं आणि इंजिनचा आवाज बदलतो. मग थोडा अ‍ॅक्सिलरेटर, आणि मगच हँडब्रेक सोडायचा. जरा घाई केली की गाडी बंद पडते, आणि बंद पडली की मागे घसरते. त्यासाठी चढ हवा. गावात चढ पाच. त्यातला सगळ्यात चांगला, एकसारखा, रुंद चढ एका सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर होता.

दातवालीला ते दुकान पाहून तिसऱ्या मिनिटाला कळलं. "बाई! तुम्ही लिहिलंय, दारात पाय ठेवणार नाही."

"माझे पाय गाडीत आहेत," बाई म्हणाल्या. "क्लच सोड."

सोमवारी गाडी तिथे दोनदा बंद पडली. मंगळवारी तीनदा. बुधवारी गाडी छान उचलली गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, "सवय पक्की व्हायला हवी," आणि वळसा घालून पुन्हा चढाच्या पायथ्याशी आणली. डोक्यावर ड्रायव्हिंग स्कूलचा पिवळा बोर्ड, पुढेमागे लाल अक्षरं, ताशी दहाचा वेग. लपूनछपून जायचा याहून वाईट मार्ग जगात नसेल. दुकानाच्या आसपास आल्या की बाई मान वळवायच्या नाहीत. फक्त डोळे कोपऱ्यात नेऊन बघायच्या, आणि घरी जाऊन डोळे दुखतात म्हणून थेंब घालायच्या. बाहेर सायकली एका रेषेत उभ्या असायच्या. एक रेषा, सूत लावल्यासारखी. त्या रेषेबद्दल बाई दातवालीशी रोज बोलायच्या, जणू ती रेषा बघायलाच येत होत्या.

मुलगा दिसायचा, कधी वाकलेला, कधी कुणाशी बोलताना. कधी वर बघितलं नाही. पत्र त्याला मिळालं का? मिळालं आणि फाडलं? बाईंना हे आणि एवढंच जाणून घ्यायचं होतं. एकदा समजलं असतं, की सगळं संपलंय, तर निदान पर्स त्या खुर्चीवरून कायमची उचलता आली असती.

शनिवारी दातवालीचा विसावा आणि शेवटचा धडा. चढ आला. पुढे एक टेम्पो थांबला, म्हणून गाडीही थांबली, नेमकी दुकानासमोर. आणि त्या क्षणी मुलगा पुढचं चाक हातात घेऊन बाहेर आला आणि त्याने सरळ गाडीकडे बघितलं.

बाईंनी काय करावं? अडीच हजार माणसांना रस्त्यावर धीर देणाऱ्या बाई डॅशबोर्डखाली गेल्या. आख्ख्या. गुडघे पोटाशी, डोकं खाली, वर फक्त अंबाडा. साहजिकच पाय ब्रेकवरून निघाले.

"बाई?" दातवाली म्हणाली. टेम्पो पुढे गेला. घाईघाईत तिने हँडब्रेक सोडला आणि मग क्लच. अर्थातच उलटं. गाडी बंद पडली आणि घसरली. तिने आपला ब्रेक शोधला तर अ‍ॅक्सिलरेटर सापडला, जो बंद गाडीत काही करत नाही. गेल्या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंचा जादा ब्रेक कुणीच दाबला नाही. गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणे मागे तिरकी गेली आणि शेवटच्या सायकलला कोपर लावल्यासारखी टेकली. ती सायकल शेजारचीवर, ती तिच्या शेजारचीवर. अकरा सायकली. आवाज बराच वेळ चालला. मग दातवालीला हँडब्रेक सापडला.

अकराव्या सायकलचं चाक हवेत फिरत होतं.

मुलगा चालत गाडीपाशी आला आणि दातवालीच्या खिडकीत वाकला. "लागलं का तुम्हाला?"

"नाही. सॉरी. माझा क्लच..."

"क्लच पूर्ण दाबा. गिअर काढा. हां. आता सोडा पाय." त्याने आत बघितलं. रिकाम्या सीटपुढे खाली एक अंबाडा होता. "तुमच्या बाईंना विचारा, खाली काही हरवलंय का?"

दातवालीने खरंच विचारलं. "बाई, काही हरवलंय का?"

खालून आवाज आला, "रुमाल."

"सहा दिवस शोधतायत वाटतं," मुलगा म्हणाला.

म्हणजे सहाच्या सहा दिवस त्याने बघितलं होतं. बाई बाहेर निघाल्या. एवढ्या लहान जागेत शिरताना गुडघे काही बोलले नव्हते, निघताना मात्र दोन्ही बोलले. केस विस्कटलेले, कानातलं एक कुडं लोंबत होतं. मुलाचं आणि त्यांचं सव्वादोन वर्षांनी पहिल्यांदा एकमेकांकडे बघणं झालं. तो बारीक झाला होता. कानापाशी दोन पांढरे केस आले होते. हे केस माझ्याशिवाय आले, असं बाईंना वाटलं.

"मी उतरू का?" त्यांनी विचारलं. "सायकली उचलायला?"

"पत्रात काय लिहिलंयस?"

बाईंनी लोंबतं कुडं हातात धरलं. "बोलावल्याशिवाय नाही."

"मग बस तिथेच."

तर बाई बसल्या. तोंडात आलेलं सगळं त्यांनी गिळलं, आणि बरंच आलं होतं. दातवाली उतरली आणि तिने हात लावला. मुलाने एकेक सायकल उभी केली, हँडल सरळ केलं, चाक फिरवून बघितलं, ब्रेकच्या तारा ओढून बघितल्या. एकीचं पेडल वाकलं होतं. ते त्याने आतून पाना आणून जागच्या जागी सरळ केलं, कपाळावर आठी नाही, हात घाईत नाहीत. बाईंनी ते आरशातून बघितलं. त्याला काम करताना त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, आणि काम सुरेख होतं. ते सांगायला त्यांनी काच खाली केली आणि पुन्हा वर घेतली.

अकरावी सायकल रेषेत लागल्यावर तो हात पुसत त्यांच्या बाजूच्या खिडकीशी आला.

"ते वाक्य तू जसंच्या तसं लिहिलंस," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली.

"तुझ्या सुनेला कधी पटलं नव्हतं ते. ती वर होती ना तेव्हा, चहा करत. तुझ्या तोंडून तिने कधी वाकडा शब्द ऐकलेला नाही. म्हणायची, आई असं बोलणारच नाहीत, तू वाढवून सांगतोस. दोन वर्षांत मलाच वाटायला लागलं, की मीच वाढवलं असेल." तो थांबला. त्याने फडक्याची घडी घातली आणि मोडली. "मंगळवारी पत्र आलं. मी ते तिच्या हातात दिलं. तिने वाचलं. मग मला म्हणाली, चुकले."

बाईंना म्हणायचं होतं, मी चुकले, ती नाही. म्हणायचं होतं, तू बारीक का झालास. म्हणायचं होतं, हे ऑईल असं फडक्याला पुसू नकोस, निघत नाही मग. त्यांनी दोन्ही हात पर्सवर घट्ट धरले.

"उद्या ये," तो म्हणाला. "दुकान बंद असतं. या बाईंना आणू नकोस, त्यांचा क्लच कच्चा आहे. एकटी ये. आणि चालत ये."

दुसऱ्या दिवशी बाई चालत गेल्या. तो चढ पायाने चढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. चांगलाच होता. मध्ये दोनदा थांबावं लागलं. दारात सूनबाई उभी होती. तिने हात धरून वर नेलं आणि स्वतः खाली दुकानात जाऊन बसली.

खोलीत टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या, आणि टेबलावर पत्र होतं, घड्या पडून मऊ झालेलं. मुलगा समोर बसला.

"इथे लिहिलंयस," तो म्हणाला, "की मला काही सांगायचं असेल तर तू ऐकशील. मध्ये बोलणार नाहीस."

"हो."

"सांगू?"

"सांग."

तो एक तास वीस मिनिटं बोलत होता. त्या दिवसाबद्दल थोडं, आणि बाकी सगळं त्याआधीचं. शाळेतल्या बक्षिसाबद्दल, जे आणल्यावर बाई म्हणाल्या होत्या, पहिलं का नाही. विमा कंपनीबद्दल, जिथे तो त्यांच्यासाठी गेला होता. बाईंना त्यातल्या निम्म्या गोष्टी आठवत नव्हत्या आणि काही त्यांच्या मते साफ चुकीच्या होत्या. एका ठिकाणी तर तारीखच चुकली होती. त्यांनी चार वेळा तोंड उघडलं आणि चार वेळा मिटलं. चौथ्या वेळी जीभ चावली गेली, डोळ्यांत पाणी आलं. पाणी जिभेमुळे आलं असं त्यांनी दाखवलं, आणि तो फसला नाही.

मग तो थांबला. खाली सूनबाई उगाच एका सायकलची घंटा वाजवत होती.

बाईंनी घसा साफ केला. त्यांना खूप विचारायचं होतं. त्यांनी एकच विचारलं.

"अजून काही आहे?"

मुलाने थोडा विचार केला.

"आहे," तो म्हणाला. "पण ते पुढच्या रविवारी."